ऑफिसचं सॉफ्टवेअर घेताना आरएफपी कशी लिहायची, म्हणजे आलेली कोटेशन एकाच मापाने तोलता येतील: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फोंड्यात आमचा बांधकाम साहित्य आणि इलेक्ट्रिकल मालाचा घाऊक व्यवसाय आहे. म्हापसा, मडगाव आणि डिचोली इथे शाखा आहेत. बिलिंग, स्टॉक आणि हिशेबाचं जुनं सॉफ्टवेअर बदलायचं ठरलं तेव्हा खरेदीची जबाबदारी माझ्याकडे आली. आरएफपी म्हणजे आपल्याला काय हवं आणि कोणत्या अटींवर, हे लिहून व्हेंडरकडून कोटेशन मागवण्याचा कागद. पहिल्या फेरीत तो नव्हता आणि मी चुकलो, दुसऱ्या फेरीत काम झालं. त्यानंतर ओळखीच्या ऑफिसांतून, एका पतसंस्थेतून आणि दोन हॉटेलांतून तेच तेच प्रश्न येत राहिले. त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत.

चार व्हेंडरना फोन करून कोटेशन मागवलं तर काय बिघडतं?

आम्ही तेच केलं होतं. "२४ माणसं, चार ठिकाणं, बिलिंग-स्टॉक-अकाउंट्स, कृपया दर कळवा" एवढाच ईमेल तिघांना गेला. पणजीच्या व्हेंडरने लिहिलं, दर युजरला दरमहा ८५० रुपये. पुण्याच्या व्हेंडरने लिहिलं, एका वेळी १० जण वापरतील असं कायमचं लायसन्स ४,८०,००० रुपयांना आणि दुसऱ्या वर्षापासून लायसन्सच्या १८ टक्के एएमसी, म्हणजे वार्षिक देखभालीचा आकार. बेळगावचा म्हणाला, वर्षाला १,५०,००० रुपये, युजर कितीही, सर्वसमावेशक.

तिन्ही कागद टेबलावर मांडले तेव्हा शेटना बेळगावचं कोटेशन सगळ्यात स्वस्त वाटलं, मलाही वाटलं. पण एक दर महिन्याचा होता, एक कायमचा आणि एक वर्षाचा. एकाने माणसं मोजली, दुसऱ्याने एका वेळी बसणारी माणसं मोजली, तिसऱ्याने माणसं मोजलीच नाहीत. जुना डेटा आणण्याचा खर्च एकाही कागदावर नव्हता. यात व्हेंडरनी काही लपवलं असं मी म्हणणार नाही. आम्ही प्रश्नच मोघम विचारला होता, म्हणून ज्याने त्याने आपल्या सोयीचं माप धरलं. आरएफपीचं पहिलं काम हे माप आपण ठरवून देणं आहे. मात्रा आपण लिहायच्या, व्हेंडरने फक्त दर भरायचा.

मग सगळ्यात आधी काय मोजायचं?

युजर. आणि ते दोन प्रकारे मोजायचे, कारण लायसन्स दोन प्रकारे विकलं जातं. काही व्हेंडर प्रत्येक नावाच्या लॉगिनला पैसे लावतात. काही जण एका वेळी किती जण आत आहेत त्यावर लावतात. आपण एकच आकडा दिला तर दुसऱ्या पद्धतीचा व्हेंडर अंदाजाने आकडा घालतो, आणि कोटेशन आकर्षक दिसावं म्हणून तो अंदाज कमीकडेच झुकतो. पुण्याच्या व्हेंडरने १० धरले ते असेच.

आम्ही दोन आठवडे चारही ठिकाणी एक साधी वही ठेवली. सकाळी अकरा आणि दुपारी साडेचार वाजता किती जण सॉफ्टवेअरमध्ये काम करताहेत ते लिहायचं, बस. साधारण दिवशी आकडा ९ ते १० यायचा. पण शुक्रवारी म्हापशाचा बाजार असतो, तिथला काउंटर भरतो. त्यातला एक शुक्रवार महिन्याच्या २० तारखेला आला होता, म्हणजे जीएसटीआर-३बी भरण्याची शेवटची तारीख, आणि फोंड्यातले अकाउंट्सचे सगळेच जण आत होते. त्या दिवशी वहीत १४ लागले. म्हणून आरएफपीत लिहिलं: नावाने लॉगिन २४, एका वेळी जास्तीत जास्त १४. सरासरी घेऊ नका. सरासरीचं लायसन्स घेतलं तर गर्दीच्या दिवशीच काउंटरवरचा मुलगा बाहेर ताटकळतो.

२४ मधले सहा जण फक्त रिपोर्ट बघतात, काही नोंदवत नाहीत. हेही वेगळं लिहा. काही व्हेंडर अशा लॉगिनला कमी दर लावतात, आणि तुम्ही सांगितलं नाही तर तो दर तुम्हाला कळतच नाही.

दरपत्रकाचा नमुना कसा असावा?

एक एक्सेल शीट, आपण बनवलेलं. बाबी आणि मात्रा यांचे रकाने लॉक केलेले, फक्त दराचा रकाना उघडा. एकूण रक्कम शीट स्वतः काढेल. शीटबरोबर एक वाक्य ठळक लिहा: या शीटबाहेरचा कोणताही खर्च तीन वर्षांत आकारला जाणार नाही, अपवाद असल्यास आत्ता लिहावा. हे वाक्य वाचल्यावरच बऱ्याच गोष्टी बाहेर येतात.

दुसऱ्या फेरीत तिघांनी भरून दिलेलं शीट असं होतं (रुपये, जीएसटी सोडून, तीन वर्षांसाठी):

| बाब | मात्रा | पणजी | पुणे | बेळगाव |
|---|---|---|---|---|
| लायसन्स किंवा वर्गणी | २४ लॉगिन, एका वेळी १४ | ७,३४,४०० | ६,७२,००० | ४,५०,००० |
| शाखांचा वेगळा आकार | ३ शाखा | ० | ० | ५,४०,००० |
| एएमसी | दुसरं आणि तिसरं वर्ष | ० | २,४१,९२० | ० |
| सर्व्हर | लागत असल्यास १ | ० | १,४०,००० | ० |
| जुना डेटा आणणं | यादी जोडली आहे | ६०,००० | ४०,००० | १,१०,००० |
| ट्रेनिंग, प्रवासासह | ४ दिवस | २०,००० | ३६,००० | २८,००० |
| आमच्यासाठी बदल | १५ दिवस | ६०,००० | ७५,००० | ९०,००० |
| एकूण | | ८,७४,४०० | १२,०४,९२० | १२,१८,००० |

बेळगावचं "सर्वसमावेशक" एका ठिकाणापुरतं होतं. प्रत्येक जादा शाखेला वर्षाला ६०,००० रुपये लागणार होते. पहिल्या कागदावर ते नव्हतं, कारण शाखांचा आकार किती असं आम्ही विचारलंच नव्हतं. जे सगळ्यात स्वस्त वाटलं होतं ते तीन वर्षांच्या हिशेबात सगळ्यात महाग निघालं.

"आमच्यासाठी बदल" या ओळीत १५ दिवस लिहिले आहेत, पण प्रत्यक्षात किती लागतील हे तेव्हा आम्हालाही नक्की माहीत नव्हतं. तरी सगळ्यांना एकच आकडा दिला. इथे अंदाज बरोबर असण्यापेक्षा तो तिघांना सारखा असणं महत्त्वाचं, कारण आपल्याला दिवसाचा दर तोलायचा आहे. करारात मात्र "प्रत्यक्ष लागलेल्या दिवसांचेच पैसे, दर हाच" असं लिहून घ्या.

व्हेंडर रकाना रिकामा ठेवतात किंवा "लागू नाही" लिहितात. त्याचं काय करायचं?

रिकामा रकाना स्वीकारायचा नाही. शून्याचे तीन वेगळे अर्थ होऊ शकतात: ही सेवा फुकट आहे, ही सेवा दुसऱ्या ओळीत धरली आहे, किंवा ही सेवा आम्ही देतच नाही. शीटमध्ये दराशेजारी एक छोटा रकाना ठेवा आणि त्यात या तीनपैकी एकच लिहायला सांगा: "मोफत", "अमुक ओळीत समाविष्ट", "देत नाही". पुण्याच्या व्हेंडरने सर्व्हरच्या ओळीत आधी काहीच लिहिलं नव्हतं. विचारल्यावर कळलं की सर्व्हर आम्हीच विकत घ्यायचा आहे. पैसे व्हेंडरच्या बिलात नसले तरी आपल्याच खिशातून जातात, म्हणून ते १,४०,००० त्याच्या बेरजेत धरले.

हिशेब किती वर्षांचा धरायचा?

या एका निर्णयावर निकाल फिरू शकतो, म्हणून कोटेशन उघडण्याआधीच तो कागदावर लिहून ठेवा. वरच्याच आकड्यांवर बघा. तीन वर्षांत पणजी पुण्यापेक्षा ३,३०,५२० रुपयांनी स्वस्त आहे. पाच वर्षं धरली तर पणजीचे १३,६४,००० होतात आणि पुण्याचे १४,४६,८४०, म्हणजे फरक ८२,८४० वर येतो. सहाव्या वर्षी पुणं ४१,००० रुपयांनी पुढे जातं. कायमचं लायसन्स सुरुवातीला जड आणि पुढे हलकं असतं, वर्गणी याच्या उलट.

आम्ही तीन वर्षं धरली. दोन कारणं होती. एक, सहाव्या वर्षापर्यंत सर्व्हर बदलावा लागेल आणि पुण्याची आघाडी त्यातच जाईल. दोन, मडगावची शाखा मोठ्या जागेत न्यायची की नाही ते अजून ठरलेलं नव्हतं. तुमचा धंदा स्थिर असेल आणि सर्व्हर सांभाळणारा माणूस घरचा असेल तर पाच वर्षं धरणं जास्त योग्य. कोटेशन पाहिल्यावर मात्र मुदत बदलू नका. मग आवडता व्हेंडर जिंकेल अशी मुदत आपोआप सापडते.

वर्गणीवाल्या व्हेंडरला एक प्रश्न अधिक विचारा: नूतनीकरणाच्या वेळी दर जास्तीत जास्त किती टक्के वाढवाल? पणजीच्या व्हेंडरने पहिल्यांदा "बाजारभावाप्रमाणे" लिहिलं होतं. दरवर्षी १० टक्के वाढ झाली असती तर तीन वर्षांची वर्गणी ७,३४,४०० ऐवजी ८,१०,२८८ झाली असती. आम्ही आकडा मागितला, तेव्हा तीन वर्षं दर स्थिर ठेवायला तो तयार झाला. तोंडी नाही, शीटवरच लिहून घेतलं.

दर जीएसटीसह मागायचे की सोडून?

सोडून मागा आणि कराचा दर वेगळ्या रकान्यात घ्या. सॉफ्टवेअर आणि त्याच्या सेवेवर १८ टक्के जीएसटी आहे. गोव्यातला व्हेंडर सीजीएसटी ९ आणि एसजीएसटी ९ असा लावतो, पुण्या-बेळगावचा आयजीएसटी १८ लावतो. बेरीज तीच, त्यामुळे बाहेरचा व्हेंडर करामुळे महाग पडत नाही. हा गैरसमज मी बऱ्याच ठिकाणी ऐकला आहे.

आमच्यासारख्या ट्रेडिंग फर्मला त्या कराचं इनपुट क्रेडिट मिळतं, म्हणून आम्ही कर सोडून तुलना केली. पतसंस्थेचं तसं नाही. तिचं मुख्य उत्पन्न कर्जावरचं व्याज, त्यावर जीएसटी नाही, त्यामुळे क्रेडिटही पूर्ण मिळत नाही. अशा संस्थेने करासहच बजेट धरावं. आमचे ८,७४,४०० त्यांच्यासाठी १०,३१,७९२ होतील.

गरजा कशा लिहायच्या? "जीएसटी सपोर्ट असावा" एवढं पुरतं का?

पुरत नाही. त्याला प्रत्येक व्हेंडर "हो" म्हणतो, आणि सगळ्यांचं "हो" आलं की तुलना तिथेच संपते. गरज अशी लिहा की ती डेमोमध्ये करून दाखवता आली पाहिजे.

आमचं उदाहरण सांगतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून सिमेंटवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. आरएफपीत आम्ही लिहिलं: "१८ सप्टेंबर २०२५ ला २८ टक्क्यांनी ५० गोण्यांचं बिल करा. ६ ऑक्टोबर २०२५ ला त्यातल्या १० गोण्या परत आल्या, त्यांची क्रेडिट नोट काढा. त्याच दिवशी त्याच ग्राहकाला १८ टक्क्यांनी २० गोण्यांचं नवं बिल करा. मग स्टॉक आणि ग्राहकाची बाकी दाखवा." क्रेडिट नोट मूळ बिलाच्या दरानेच, म्हणजे २८ टक्क्यांनी निघायला हवी. एका व्हेंडरच्या सॉफ्टवेअरने ती १८ ने काढली, कारण त्यात कराचा दर मालाला चिकटवलेला होता, तारखेला नाही. माहितीपत्रकावर त्याच व्हेंडरने जीएसटीपुढे बरोबरची खूण केलेली होती.

अशा पाच-सहा कसोट्या पुरतात. त्या तुमच्याच गेल्या वर्षातल्या अडचणींतून निवडा. काउंटरवरच्या माणसाला विचारा, तो अर्ध्या तासात दहा सांगेल.

काही गोष्टी मात्र "असेल तरच भाग घ्या" अशा अटी म्हणून वेगळ्या लिहा. फर्म कंपनी म्हणून नोंदलेली असेल तर १ एप्रिल २०२३ पासून हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारा ऑडिट ट्रेल लागतो आणि तो बंद करता येता कामा नये. कंपनीच्या हिशेबवह्यांचा बॅकअप रोजच्या रोज भारतातल्या सर्व्हरवर राहायला हवा. वार्षिक उलाढाल ५ कोटींवर असेल तर ई-इन्व्हॉइस थेट सॉफ्टवेअरमधून निघायला हवं. यांना गुण देऊ नका. नसेल तर त्या व्हेंडरचा दर उघडायचाच नाही.

जुना डेटा आणण्याच्या दरात एवढा फरक कसा येतो?

कारण "डेटा मायग्रेशन" म्हणजे काय हे प्रत्येक जण वेगळं समजतो. पहिल्या फेरीनंतर फोनवर विचारलं तेव्हा एकाच्या मनात होतं, फक्त ३१ मार्चच्या बाक्या टाकायच्या. दुसऱ्याच्या मनात होतं, दोन वर्षांची सगळी बिलं आणायची. या दोन कामांत दिवस आणि आठवडे एवढं अंतर आहे.

म्हणून आरएफपीला एक पानाची यादी जोडा. आमच्या यादीत होतं: ग्राहक आणि पुरवठादार मिळून १,९०० खाती, मालाचे ६,४०० कोड, प्रत्येक ग्राहकाची बिलवार येणी, चार गोदामांतला स्टॉक. जुनी बिलं आणायची नाहीत, ती जुन्या सॉफ्टवेअरमध्येच बघण्यापुरती ठेवणार. शिवाय प्रत्येक प्रकारच्या डेटाच्या पन्नास ओळी नमुन्यादाखल दिल्या, नावं आणि फोन नंबर बदलून. नमुना बघितल्याशिवाय कुणालाही खरा दर देता येत नाही. आमच्याकडे एकच एमसीबी स्विच तीन वेगळ्या स्पेलिंगने तीन कोडमध्ये होता.

ही साफसफाई कोण करणार तेही लिहा. आम्ही लिहिलं, डुप्लिकेट कोड आम्ही काढू, व्हेंडरने फक्त शीटमध्ये आलेलं आत टाकायचं. दर लगेच खाली आले. ते काम आमच्या दोन मुलींनी तीन आठवडे संध्याकाळी बसून केलं. व्हेंडरला आमचा माल कळत नाही, त्यामुळे त्याच्याकडून ते नीट झालंही नसतं.

काम पूर्ण झालं हे कसं ओळखायचं, तीही अट हवी: ट्रायल बॅलन्स पैशापर्यंत जुळला पाहिजे आणि बिलवार येण्यांची बेरीज ग्राहकांच्या खात्यांच्या बाकीशी जुळली पाहिजे. दुसरी अट बरेच जण विसरतात. बाकी जुळते, पण कुठलं बिल थकलंय ते हरवतं, आणि वसुलीला गेलेला माणूस रिकाम्या हाताने परत येतो.

सपोर्टबद्दल गोव्यात विशेष काय लिहावं?

प्रत्यक्ष भेटीचा दर प्रवास आणि मुक्कामासह मागा, नाहीतर बाहेरच्या व्हेंडरची भेट नंतर अवघड होते. बेळगावहून येणारा माणूस चोर्ला घाटातून येतो, आणि जोरदार पावसात दरड कोसळली तर त्या दिवशी तो येत नाही. म्हणून भेट किती तासांत, यापेक्षा फोनवर आणि रिमोटवर किती मिनिटांत उत्तर, याला आम्ही जास्त वजन दिलं. आमचा काउंटर रात्री आठपर्यंत चालतो, शनिवारीही. सपोर्टची वेळ दहा ते सहा असेल तर तो सपोर्ट आमच्या कामाचा नाही. फोनवर कोकणी किंवा मराठीत बोलणारा माणूस मिळेल का, हेही विचारा. बिल अडलं असताना काउंटरवरच्या मुलाला इंग्रजीत अडचण समजावत बसायला वेळ नसतो.

डिचोलीत पावसाळ्यात वीज आणि इंटरनेट दोन्ही जातं. "इंटरनेट नसताना बिल निघतं का" ही आमची एक कसोटी होती, डेमोत राउटरची वायर काढून घेतलेली. आणि चवथीच्या आगेमागे नवं सॉफ्टवेअर सुरू करण्याची तारीख ठेवू नका, तेव्हा निम्मं ऑफिस गावी असतं.

एका व्हेंडरने शंका विचारली तर उत्तर फक्त त्यालाच द्यायचं का?

नाही. शंका ठरलेल्या तारखेपर्यंत ईमेलवर घ्या आणि सगळी उत्तरं सगळ्यांना एकाच दिवशी पाठवा, कुणी विचारलं ते न सांगता. पणजीच्या व्हेंडरने विचारलं होतं, "बारकोड प्रिंटर आहेत ते कुठल्या मॉडेलचे?" ते उत्तर फक्त त्यालाच दिलं असतं तर बाकी दोघांनी नव्या प्रिंटरचे पैसे धरले असते. आम्ही शंकांसाठी दहा दिवस आणि त्यानंतर कोटेशनसाठी पंधरा दिवस दिले. छोट्या व्हेंडरला याहून कमी वेळ दिला तर तो जुनं कोटेशन नाव बदलून पाठवतो.

आपलं बजेट सांगावं का?

माझं मत, आकडा सांगू नये. आकडा सांगितला की तिन्ही कोटेशन त्याच्या आसपास येऊन बसतात. पण कामाचा आवाका स्पष्ट सांगा: चार ठिकाणं, २४ लॉगिन, दिवसाला साधारण २२० बिलं. त्यावरून मोठ्या कंपन्यांसाठी बनवलेलं महागडं सॉफ्टवेअर विकणारा स्वतःहून बाजूला होतो.

पुढे व्हेंडर बदलायचा झाला तर काय? ते आत्ताच विचारायचं का?

आत्ताच, आणि त्याच दरपत्रकात. "करार संपल्यावर आमचा सगळा डेटा सीएसव्ही किंवा एक्सेलमध्ये देण्याचा दर" अशी एक ओळ ठेवा. आमच्या तिघांनी तिथे "मोफत" लिहिलं, म्हणून ती वरच्या तक्त्यात घेतली नाही. पण मोफत काय मिळणार तेही पक्कं करा: फक्त खात्यांच्या बाक्या की प्रत्येक बिलाची प्रत्येक ओळ, आणि किती दिवसांत. आम्ही तीस दिवस लिहिले, आणि त्या तीस दिवसांत लॉगिन चालू राहील अशी अट टाकली. आमचा आधीचा व्हेंडर सोडताना डेटा पीडीएफमध्ये मिळाला होता. ६,४०० मालांचे भाव त्या पीडीएफवरून बघून पुन्हा टाइप करावे लागले होते. त्यामुळे या वेळी कराराआधीच डेमोमध्ये त्याच सिमेंटच्या बिलाचा एक्सपोर्ट काढायला लावला आणि एक्सेलमध्ये उघडून पाहिला. २८ टक्क्यांची ओळ आणि १८ टक्क्यांची ओळ, दोन्ही वेगवेगळ्या दिसल्या, तेव्हाच सही केली.